पोस्टरसमोर लोक थांबतात, फोटो काढतात आणि जातात : आपल्याच प्रश्नावर काम करणाऱ्यांशी बोलणे सुरू कसे करावे?

रानबोली (धागाकर्ती)

नमस्कार. मी पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षात आहे आणि रहदारीच्या गोंगाटात पक्ष्यांच्या गाण्यात काय फरक पडतो, यावर काम करते. गेल्या वर्षी एका परिषदेत मी पहिल्यांदा पोस्टर लावले. दोन तासांच्या सत्रात तीसेक जण थांबले असतील. बहुतेकांनी मोबाइलवर फोटो काढला, 'छान काम आहे' असे म्हटले आणि ते पुढच्या फलकाकडे वळले. उरलेल्यांना मी पाठ केलेले चार मिनिटांचे निवेदन ऐकवले, ते त्यांनी मान डोलावून ऐकले आणि तेही गेले.

ज्यांचे लेख मी नेहमी वाचते असे तीन-चार संशोधक त्या परिषदेला आले होते, पण त्यांच्यापैकी एकाशीही माझे बोलणे झाले नाही. त्यातल्या एका बाईंचे पोस्टर माझ्यापासून अवघ्या सहा फलकांवर होते, हे मला परतीच्या प्रवासात सारांशपुस्तिका चाळताना कळले.

दोन महिन्यांनी पुन्हा एक परिषद आहे. पोस्टरचे शीर्षक सध्या 'शहरी गोंगाटाचा पक्ष्यांच्या गाण्यावरील परिणाम : एक अभ्यास' असे आहे. प्रस्तावना, उद्दिष्टे, पद्धती, निष्कर्ष, चर्चा असे नेहमीचे विभाग आहेत आणि मजकूर साधारण नऊशे शब्दांचा आहे. मला बक्षीस नको आहे. या प्रश्नावर ज्यांनी डोके खपवले आहे त्यांच्याशी बोलायचे आहे. त्यासाठी काय बदलावे?

कागदकाम

प्रथम परिषदेने दिलेले फलकाचे माप तपासून घ्या. ए-झिरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, पण फलक उभे आहेत की आडवे, हे न बघता छापून आणणारे दर वेळी भेटतात आणि मग पोस्टरच्या दोन्ही कडा शेजाऱ्याच्या फलकावर जातात. कागदाऐवजी कापडावर छापले तर घडी करून पिशवीत नेता येते. मुख्य मजकूर दीड मीटरवरून वाचता आला पाहिजे. त्यासाठी अक्षर २४ पॉइंटपेक्षा लहान ठेवू नका. मागची पार्श्वभूमी गडद असेल तर दिव्याची चमक येते.

रानबोली

धन्यवाद, मापाची सूचना लक्षात ठेवते. मात्र छपाई मागच्या वेळीही बरी झाली होती. वाचायला लोक थांबले, बोलायला थांबले नाहीत, ही माझी अडचण आहे.

ठळक_अक्षर

अडचण नऊशे शब्दांची आहे. २०१९ मध्ये माइक मॉरिसन यांनी पोस्टरचा एक नवा आराखडा मांडला आणि तो पुष्कळ ठिकाणी उचलला गेला, तो पाहा. मधल्या मोठ्या मोकळ्या जागेत साध्या भाषेत एकच वाक्य, म्हणजे तुमचा मुख्य निष्कर्ष. शेजारी क्यूआर कोड. आणि तपशील बाजूच्या अरुंद पट्ट्यांत. चालता चालता माणसाला पाच सेकंदांत मुद्दा कळतो. तुम्ही मध्यभागी 'रहदारीजवळचे पक्षी वरच्या पट्टीत गातात' एवढेच लिहा आणि बाकी सगळे कोडमागे टाका. गर्दी आपोआप होईल.

जुना_फलक

ठळक_अक्षर यांचे निदान बरोबर आहे, पण औषध अर्धेच लागू पडेल. नऊशे शब्द कोणी उभ्याने वाचत नाही, हे मान्य. मात्र मधले मोठे वाक्य चालत्या माणसासाठी असते आणि धागाकर्तीला चालता माणूस नको आहे. जो पक्ष्यांच्या आवाजावर दहा वर्षे काम करतो त्याला 'वरच्या पट्टीत गातात' हे वाक्य वाचून थांबावेसे वाटणार नाही, कारण लायडन शहरातल्या ग्रेट टिट पक्ष्यांवरच्या अभ्यासातून ते २००३ मध्येच 'नेचर'मध्ये आले आहे. त्याला पाहायची असते आकृती, आणि नेमकी तीच तुम्ही कोडमागे टाकली. शिवाय कोड स्कॅन केला की बोलायचे कारणच उरत नाही. 'नंतर वाचतो' असे म्हणून माणूस निघतो. फोटो काढून जाणाऱ्यांचेही तेच होते.

माझा अनुभव असा आहे की निष्कर्ष पूर्ण दिसला की लोक दाद देतात, आणि निर्णय कुठे अडला आहे हे दिसले की बोलू लागतात. म्हणून रानबोली, तुम्हाला एक विचारतो. तुमच्या निकालात अशी कोणती जागा आहे की जिच्याबद्दल तुमची स्वतःची खात्री नाही?

रानबोली

आहे. मी चौदा ठिकाणी ध्वनिमुद्रण केले आहे. गोंगाटाच्या ठिकाणी गाण्याची किमान वारंवारता शांत ठिकाणांपेक्षा सरासरी ३०० हर्ट्झने जास्त दिसते. ही किमान वारंवारता मी स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे वेळेनुसार वारंवारता दाखवणाऱ्या आवाजाच्या चित्रावर, डोळ्यांनी पाहून, कर्सर ठेवून मोजली आहे. रहदारीच्या आवाजाचा बराचसा जोर दोन किलोहर्ट्झच्या खाली असतो आणि स्पेक्ट्रोग्रामचा तो भाग काळवंडलेला दिसतो. सुराचे खालचे टोक त्या काळ्या पट्ट्यात बुडाले असेल, तर मला ते दिसणारच नाही आणि मी कर्सर वर ठेवीन. म्हणजे पक्ष्याने काहीच बदलले नसतानाही आकडा वर सरकू शकतो.

आमच्या गाइडचे म्हणणे असे की अशी दुबळी बाजू पोस्टरवर मांडू नये, कोणी विचारलेच तर उत्तर द्यावे.

जुना_फलक

तुमच्या गाइडचा सल्ला व्याख्यानासाठी ठीक आहे, कारण तिथे बारा मिनिटांत मुद्दा सिद्ध करायचा असतो. पोस्टरसमोर मात्र तुमच्या प्रश्नाचा जाणकार ही शंका पहिल्या मिनिटात काढणारच. ती त्याने काढली तर तुम्ही बचाव करता आणि संभाषण उलटतपासणीसारखे होते. तीच तुम्ही आधी मांडली, तर त्याने ही अडचण कशी सोडवली ते तो सांगू लागतो.

तेव्हा पोस्टर असे करून पाहा. शीर्षकात विषयाऐवजी प्रश्न येऊ द्या : 'गोंगाटातला पक्षी खरोखर वरच्या पट्टीत गातो, की गोंगाट आपल्याला खालचे सूर दिसू देत नाही?' त्याखाली डोळ्यांच्या उंचीवर दोन स्पेक्ट्रोग्राम शेजारी शेजारी लावा, एक शांत ठिकाणचा आणि एक गोंगाटाचा. दोन्हींवर तुम्ही कर्सर कुठे ठेवला ती रेघ दाखवा. आकृती दोन हात रुंद असली तरी चालेल. तिच्या शेजारी चौदा ठिकाणांचा आलेख, प्रत्येक ठिकाण एका ठिपक्याने. प्रस्तावना आणि उद्दिष्टे काढून टाका. ज्यांच्याशी बोलायचे आहे त्यांना ती माहीत आहेत. पद्धतींमध्ये ध्वनिमुद्रकापासून पक्ष्याचे अंतर आणि मोजणी कोणी केली, एवढे पुरे. खाली उजवीकडे एक चौकट ठेवा आणि तिच्यात लिहा : 'हे दोन पर्याय वेगळे कसे करावेत, यावर मला मत हवे आहे.' सगळा मजकूर अडीचशे शब्दांत बसेल.

समोर कोणी आले की निवेदन सुरू करू नका. 'तुम्ही कशावर काम करता?' असे आधी विचारा. उत्तर ऐकले की कुठून सुरुवात करायची ते कळते. आवाजावर काम करणाऱ्याला सरळ त्या रेघेपाशी न्या. शहरी परिसंस्थेवर काम करणाऱ्याला चौदा ठिकाणे कशी निवडली ते सांगा. सांगणे अर्ध्या मिनिटात संपवून तुम्ही गप्प बसा. ती शांतता फार जड वाटते आणि आपण ती भरून टाकतो. तिथेच समोरच्याचा प्रश्न मरतो.

मात्र खरे काम परिषदेच्या आधी होते. सहा फलकांवरच्या त्या बाई तुम्हाला भेटल्या नाहीत, यात नवल नाही. एका विषयाची पोस्टर बहुधा एकाच सत्रात आणि एकाच रांगेत लावतात, म्हणजे तुमच्या कामाशी सर्वांत जवळची माणसे नेमक्या त्याच वेळी आपापल्या फलकापाशी अडकलेली असतात. काही परिषदा यावर तोड म्हणून पहिला तास विषम क्रमांकांना आणि दुसरा सम क्रमांकांना देतात. तुमच्याकडे तशी सोय नसेल, तर पोस्टर टांगण्याच्या वेळी लवकर जा. तेव्हा शेजारी मोकळे असतात, फक्त टाचण्या शोधत असतात.

अर्धविराम

मला या सगळ्यात एक धोका दिसतो. मी भाषाशास्त्रात आहे. काही वर्षांपूर्वी मी पोस्टरवर माझी अप्रकाशित सारणी पूर्ण लावली होती. एका गटाने बराच वेळ थांबून प्रश्न विचारले, फोटो काढले आणि वर्षभराने त्यांच्या लेखात तीच वर्गवारी दिसली. ती त्यांना स्वतंत्रपणे सुचली असेलही. मी सिद्ध काहीच करू शकलो नाही, कारण माझ्याकडे तारखेनिशी दाखवण्यासारखे पोस्टरशिवाय काही नव्हते. तेव्हापासून जे लेखाच्या मसुद्यात आलेले नाही ते मी फलकावर लावत नाही. 'अडलेली जागा दाखवा' म्हणजे पुढचा लेख कोणता लिहायचा तेही दाखवा.

जुना_फलक

तुमचे झाले ते वाईट झाले आणि अशी भीती निराधार नाही. कोपऱ्यात 'कृपया फोटो काढू नये' असे चिन्ह लावता येते आणि बरेच लोक ते पाळतात. पोस्टरची पीडीएफ तारखेसह एखाद्या खुल्या संग्रहात ठेवली तर डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, मिळतो आणि निदान तारीख तरी नोंदली जाते. रानबोलींच्या बाबतीत मला धोका कमी वाटतो, कारण मोजणीची ही शंका त्या क्षेत्रात जुनीच आहे आणि चौदा ठिकाणांचे ध्वनिमुद्रण त्यांच्याकडेच आहे. वर्गवारी मात्र पाहताक्षणी उचलता येते. तुमच्या जागी मी काय केले असते, ते मला नक्की सांगता येत नाही.

अर्धविराम

डीओआय घेतला की काही नियतकालिके 'हे आधीच प्रकाशित आहे' असे म्हणू शकतात, तेही तपासावे लागते. माझे मत बदललेले नाही, पण मुद्दा समजला.

शेवटची_रांग

मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. आमच्याकडे पोस्टरची पद्धत नवी आहे. माझा फलक दाराआडच्या शेवटच्या रांगेत होता आणि सत्र नेमके जेवणाच्या सुट्टीत. पाऊण तासात एकही माणूस आला नाही. मग मी 'सव्वादोनला परत येते' अशी चिठ्ठी लावून इतरांची पोस्टर पाहायला गेले. एका फलकावर माझ्याच काळातली जमीन-महसुलाची कागदपत्रे होती. त्या गृहस्थांना मी विचारले, 'या नोंदींतली रिकामी पाने तुम्ही कशी मोजली?' आम्ही अर्धा तास बोललो आणि शेवटी तेच माझ्या फलकापर्यंत चालत आले. आपले पोस्टर सोडून जाणे गैर आहे का, हे मात्र मला अजून कळलेले नाही.

जुना_फलक

नेमून दिलेल्या वेळी फलक सोडू नये, असा बहुतेक ठिकाणी नियम असतो आणि परीक्षक फेरी मारत असतील तर ते बोचतेही. सहलेखकाला वीस मिनिटे उभे करणे सर्वांत सोपे. तो नसेल तर तुमच्यासारखी वेळ लिहिलेली चिठ्ठी लावावी आणि ती वेळ पाळावी.

रानबोली

मला आधी पत्र पाठवण्याबद्दल विचारायचे आहे. अनोळखी ज्येष्ठ संशोधकाला 'माझे पोस्टर पाहायला या' असे लिहिणे आगाऊपणाचे वाटते.

जुना_फलक

'पाहायला या' असे लिहिले तर थोडे वाटेल खरे. काम सांगून एक प्रश्न विचारला तर वाटत नाही. परिषदेच्या दहा-बारा दिवस आधी, सारांशपुस्तिका आली की, तिच्यात 'किमान वारंवारता', 'गोंगाट', 'मोजणी' हे शब्द शोधा आणि पाच-सहा नावे काढा. सगळी ज्येष्ठ नकोत. ज्यांनी प्रत्यक्ष मोजणी केलेली असते ते बहुधा विद्यार्थीच असतात आणि त्यांना वेळही असतो. पत्र एवढेच असावे :

'तुमच्या सारांशात किमान वारंवारता शक्तिवर्णपटावरून काढल्याचे वाचले. मी ती डोळ्यांनी मोजली आहे आणि गोंगाटाच्या ठिकाणी ती फसवी असावी अशी मला शंका आहे. माझ्याकडचे दोन स्पेक्ट्रोग्राम मंगळवारी फलक क्रमांक अमुक येथे असतील. त्या सत्रात तुम्हीही फलकापाशी असाल, तर आधीच्या चहाच्या सुट्टीत दहा मिनिटे मिळतील का?'

सोबत काहीही जोडू नका. उत्तर आले नाही तर दुसरे पत्र नको.

ठळक_अक्षर

माझा आग्रह एवढाच राहील की मधले मोठे वाक्य ठेवाच, मग ते प्रश्नाच्या रूपात का असेना. जाणकारालाही लांबून काहीतरी दिसावे लागते.

जुना_फलक

याला माझी हरकत नाही. प्रश्न मोठ्या अक्षरांत, आकृती त्याखाली.

रानबोली (परिषदेनंतर)

काय घडले ते सांगायला उशीर झाला, कारण परत आल्यापासून पुन्हा मोजण्यातच गुंतले आहे.

पोस्टर २७० शब्दांचे झाले. गाइड सुरुवातीला राजी नव्हते. शेवटी 'चौकट ठेव, पण निष्कर्षही ठेव' यावर तडजोड झाली. पाच जणांना पत्रे लिहिली. दोघांची उत्तरे आली. एकांनी 'जमल्यास येईन' असे लिहिले आणि ते आले नाहीत. त्या सहा फलकांवरच्या बाई यंदा पोस्टर घेऊन नव्हत्या, पण चहाच्या सुट्टीत त्यांनी खरोखर दहा मिनिटे दिली.

मागच्या वेळेपेक्षा कमी लोक थांबले, बारा-तेरा असतील. फोटो काढणारे तरीही होतेच. दोन प्रसंग मात्र फसले. एका प्राध्यापकांना मी 'तुम्ही कशावर काम करता?' असे विचारले आणि ते थोडे दुखावले, कारण त्यांचे व्याख्यान सकाळीच झाले होते आणि मी ते ऐकायला हवे होते. दुसरे गृहस्थ चौकट वाचून म्हणाले, 'म्हणजे तुमच्याकडे निकालच नाही तर.' त्यांना काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही.

सर्वांत उपयोगी संभाषण अपेक्षा नव्हती तिथून निघाले. शेजारच्या फलकावर बेडकांच्या हाकांवर काम करणारा एक विद्यार्थी होता. पोस्टर टांगताना त्याने स्पेक्ट्रोग्रामवरची रेघ पाहिली आणि विचारले, 'शांत ठिकाणच्या फिती घेऊन त्यांच्यात गोंगाट मिसळून पुन्हा मोजले का?' मला ते सुचलेच नव्हते. त्याने माझ्या वहीत रेखाटून दाखवले : शांत ठिकाणचे तेच गाणे, त्यात रहदारीचा आवाज मी माझ्या ठिकाणी नोंदवलेल्या पातळीला मिसळायचा, कोणती फीत कोणती हे न सांगता दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्यायचे. गाणे तेच असल्याने किमान वारंवारता बदलायचे कारण नाही. ती वर सरकली तर ती सगळी मोजणीची चूक.

चहाच्या वेळी त्या बाईंना मी हेच सांगितले. त्यांनी दुसरा मुद्दा जोडला. गोंगाटात पक्षी मोठ्याने गातात हे सर्वांना माहीत आहे, आणि जोर लावला की काही पक्ष्यांचा सूर आपोआप वर जातो. म्हणजे चूक वजा करून काही उरलेच, तरी पक्ष्याने पट्टी बदलली असे म्हणण्याआधी आवाजाची पातळी मोजायला हवी, आणि त्यासाठी अंतर नेमके माहीत हवे. माझ्या चौदांपैकी नऊ ठिकाणीच अंतर नोंदवलेले आहे. हे ऐकून पोटात गोळा आला.

प्रत्येक संभाषणानंतर मी वहीत दोन ओळी लिहीत होते, कोणी काय विचारले आणि मी काय पाठवीन म्हणाले. चौथ्या दिवशी त्या विद्यार्थ्याला माझ्या तीन फिती पाठवल्या. त्याने गोंगाट मिसळून त्या परत पाठवल्या आणि प्रयोगशाळेतल्या एका मैत्रिणीने त्या मोजल्या. ३०० पैकी जवळजवळ २०० हर्ट्झ नुसत्या मिसळण्यानेच आले. तीनच फिती आहेत, त्यामुळे यावर अजून भिस्त ठेवता येत नाही. वीस फितींची मोजणी चालू आहे.

अर्धविराम

म्हणजे उघड मांडल्याने तुमचा निकालच दोन तृतीयांश गेला. हे लेख पाठवल्यानंतर परीक्षकाकडून कळण्यापेक्षा बरे, एवढे मी मान्य करतो. मात्र या विद्यार्थ्याचे श्रेय कसे देणार?

रानबोली

तेच विचारायचे होते. कल्पना त्याची, गोंगाट मिसळण्याचे कामही त्याने केले, पण ध्वनिमुद्रण आणि बाकी सारे माझे. आभारात नाव पुरेल, की सहलेखक म्हणून विचारावे?

जुना_फलक

नुसती कल्पना सुचवली असती तर आभार पुरले असते, तेही त्याला आधी विचारून. त्याने फितींवर काम केले आहे आणि आता वीस फितींचेही तोच करणार असेल, तर ती पद्धतीतली भागीदारी झाली. हे लेख लिहायला बसण्याआधी, म्हणजे याच आठवड्यात, त्याच्याशी बोला आणि गाइडनाही त्या पत्रात घ्या.

शेवटची_रांग

आणि 'तुमच्याकडे निकालच नाही' म्हणणाऱ्यांना काय सांगायचे, ते कोणाला सुचले तर लिहा. माझ्या पुढच्या पोस्टरवरही चौकट असणार आहे.

कागदकाम

चौकटीची पार्श्वभूमी फिकट ठेवा, लोक पेन्सिलीने तिथेच लिहू शकतील. कापडावर मात्र ते जमत नाही, तेव्हा कागदच घ्या.